पाळी आली नाही, याचे तीन वेगळे अर्थ

पत्र

ताई, मी इंदूरला सुदामा नगरच्या बाजूला राहते आणि आरोग्य स्वयंसेविका म्हणून काम करते. गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात दोन मुलांमधील अंतर ठेवण्याच्या साधनांवर मी बोलले. पंचवीस-तीस जणी होत्या, त्यांत सासवाही होत्या. निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन, गर्भाशयात बसवायची कॉपर टी अशी सर्व नावे मी नीट सांगितली. अंगावर पाजत असाल तर इतक्यात काळजी नको, असेही म्हणाले. तेव्हा एक बाई उठून म्हणाली, ‘माझ्या बहिणीची पाळी आलीच नव्हती, तरी तिला दिवस गेले.’ दुसरीने विचारले, ‘अंतराने पाळी बंद होते, मग ते रक्त आत साठते का?’ मला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत आणि बैठक तिथेच संपली. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा बोलावले आहे. काय सांगू आणि कसे सांगू?

— एक आरोग्य स्वयंसेविका, इंदूर

उत्तर

तुमच्या बैठकीत दोघींनी वेगवेगळे प्रश्न विचारले असले, तरी दोघींच्या मनात एकच शंका होती: पाळी आली नाही, तर आत काय चालले आहे? माझ्या मते पुढची बैठक तुम्ही याच एका शंकेवर घ्यावी. साधनांची नावे त्यांनी ऐकली आहेत आणि ती भिंतीवरच्या फलकावरही लिहिलेली असतात. पाळी न येण्याचा अर्थ मात्र फलकावर नसतो. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी न येणे वेगळे, अंतरा घेणारीची वेगळी आणि छाया घेणारीची त्याहून वेगळी. हा फरक ज्या बाईला कळला, ती आरोग्य केंद्रात गेल्यावर स्वतःच नेमके प्रश्न विचारते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीत बोलताना मीही तुमच्यासारखेच म्हणाले होते की, पाजत असाल आणि पाळी आली नसेल तर निश्चिंत राहा. काही महिन्यांनी त्याच बैठकीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिचे पहिले मूल आठ महिन्यांचे होते, पाळी एकदाही आलेली नव्हती आणि पोटात दुसरे होते. ‘तुम्हीच तर म्हणाला होतात,’ इतकेच ती बोलली. वाक्य माझे होते आणि ते अर्धेच होते.

उरलेला अर्धा भाग असा आहे. मूल स्तन चोखते तेव्हा आईच्या शरीरात जे बदल होतात त्यांमुळे बीजांड पक्व होऊन बाहेर पडणे थांबते, आणि बीजांड बाहेर पडले नाही तर गर्भ राहत नाही. हे खरे आहे आणि उपयोगाचेही आहे. मात्र त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांहून लहान असावे, बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसावी, आणि बाळ दिवसरात्र केवळ अंगावरच्या दुधावर असावे. या तिन्ही पाळल्या, तर शंभरातल्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव जणींना दिवस जात नाहीत, आणि सहा महिन्यांपुरते म्हणून हे साधन चांगलेच म्हणायला हवे. यांतली एक अट जरी सुटली, तरी उरलेल्या दोन पाळून भरवसा राहत नाही.

पाळी येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी बीजांड सुटते, ही गोष्ट बैठकीत सावकाश आणि दोनदा सांगा. बाळंतपणानंतर सुटलेल्या पहिल्या बीजांडातूनच जर गर्भधारणा झाली, तर मधे पाळी येणारच नाही. त्या बाईच्या बहिणीला बहुधा असेच दिवस गेले असावेत. बायका पाळीची वाट पाहतात आणि पाळी आली की केंद्रात जाऊ असे ठरवतात. शरीराचा क्रम मात्र उलटा असतो, आधी बीज आणि मग पाळी. एवढे एक वाक्य घरी गेले, तरी तुमच्या बैठकीचा निम्मा वेळ कारणी लागला म्हणेन.

तिन्ही अटींपैकी आपल्याकडे सर्वांत आधी मोडते ती ‘केवळ अंगावरचे दूध’ ही अट, आणि ती मोडली हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या मराठी घरांत बाळगुटी उगाळली जाते, माळव्याच्या उन्हाळ्यात वाटी-चमच्याने पाणी पाजले जाते, आणि बाळ रात्री शांत झोपावे म्हणून आजी वरच्या दुधाची बाटली देते. हे सारे प्रेमापोटी होते, म्हणून त्यावर टीका करून काही साधत नाही. मात्र पोट वरच्या दुधाने वा पाण्याने भरले की बाळ कमी चोखते, आणि चोखणे कमी झाले की आईच्या शरीराला मिळणारी खूणही कमी होते, हा हिशेब कोणत्याही सासूला सहज समजतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणीही लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा लागत नाही, कारण अंगावरच्या दुधात पाणी पुरेसे असते. हे त्याच ओघात सांगून टाका. वेळेचा हिशेब असा ठेवावा की, दिवसा दोन पाजण्यांमध्ये चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त काळ जाऊ नये.

आणखी एक शंका हमखास निघते. बाळंतपणानंतर काही आठवडे अंगावरून जातेच, तर तीच पाळी आली असे समजायचे का? पहिल्या दोन महिन्यांत अंगावरून जाते ते पाळीत धरत नाहीत. दोन महिन्यांनंतर सलग दोन दिवस रक्त गेले, तर मात्र पाळी परत आली असेच धरावे आणि त्या दिवसापासून दुसरे साधन घ्यावे.

आता एक उदाहरण घेऊन पायऱ्या पाहू. हेच उदाहरण तुम्ही बैठकीत कोणाचेही नाव न घेता सांगू शकता. समजा, एका सुनेचे बाळ साडेचार महिन्यांचे आहे, बाळंतपण साधे झाले आणि पाळी आलेली नाही. ती दिवसभर पाजते, पण शिवणकाम पुन्हा सुरू केल्यापासून रात्री नऊला सासूबाई बाटली देतात आणि बाळ पहाटे चारपर्यंत झोपते. दोन मुलांत निदान तीन वर्षांचे अंतर असावे, अशी तिची आणि नवऱ्याची इच्छा आहे. तीन अटींपैकी वय आणि पाळी या दोन तिच्या बाजूने आहेत. मात्र रात्री सात तासांचा खंड पडतो आणि वरचे दूधही आहे, म्हणून तिसरी अट गेली. अंगावर पाजण्याने मिळणारा भरवसा तिला आता उरलेला नाही आणि तिने वाट न पाहता साधन घ्यावे.

त्याआधी आत्ता दिवस गेलेले नाहीत ना, हे पाहावे लागते, कारण पाळी नसल्याने तारखेवरून ते कळत नाही. केंद्रातल्या एएनएम परिचारिका यासाठी काही ठरलेले प्रश्न विचारतात: शेवटचा संबंध कधी आला, काही साधन वापरले होते का, बाटली कधीपासून सुरू झाली. खात्री पटत नसेल तर निश्चय किटने लघवीची तपासणी करतात. हे किट आशा कार्यकर्तीकडे असते. इथे एक बारकावा आहे. संबंधानंतर सुमारे तीन आठवडे होण्याआधी केलेली तपासणी ‘नाही’ दाखवू शकते, जरी दिवस राहिलेले असले तरी. म्हणून आपल्या सुनेचा मागच्या आठवड्यात संबंध आला असेल आणि तपासणीत ‘नाही’ आले, तर तिने तीन आठवडे निरोध वापरून तपासणी पुन्हा करावी. किटवरच्या एका रेषेवर विश्वास ठेवून निश्चिंत झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतके लांबवून लिहिते आहे.

दिवस नाहीत हे ठरले, की पाजणारी आई आणि साडेचार महिन्यांचे बाळ या स्थितीत काय चालते, ते पाहायचे. माला-एन ही गोळी तिला आत्ता द्यायची नाही, कारण तिच्यातल्या एका संप्रेरकाने दूध कमी होऊ शकते. पाजणाऱ्या आईने ती बाळ सहा महिन्यांचे झाल्यावरच घ्यावी. निरोध केव्हाही चालतो आणि संसर्गापासून संरक्षण केवळ त्यानेच मिळते. कॉपर टी तिला बसवता येईल. छाया आणि अंतरा या दोन्हींनी दुधावर परिणाम होत नाही, त्यामुळे तिच्यासाठी खरी निवड कॉपर टी, छाया आणि अंतरा या तिघींमध्ये आहे. ती निवड तिने करायची असते. तुम्ही ‘हेच घे’ म्हणालात, तर पुढे जे काही बिघडेल ते तुमच्या नावावर जमा होईल. त्याहून मोठी अडचण ही की, तिला साधन स्वतःचे वाटणार नाही आणि ती ते अर्ध्यावर सोडेल.

आता अंतराविषयीच्या प्रश्नाकडे येऊ. रक्त आत साठत नाही. हे एका घरगुती गोष्टीवरून समजावता येते. दूध तापवले की त्यावर साय धरते आणि ती आपण काढतो. ज्या दिवशी साय धरलीच नाही, त्या दिवशी काढायचे काय? दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक अस्तर तयार होते आणि गर्भ राहिला नाही तर तेच पाळीच्या रूपाने बाहेर पडते. अंतराच्या इंजेक्शनमधले औषध बीजांड सुटू देत नाही आणि ते अस्तरही फार वाढू देत नाही. अस्तरच पातळ राहिले, तर बाहेर पडायला काही उरत नाही. त्यामुळे बऱ्याच जणींची पाळी हळूहळू लांबते आणि वर्षभरात थांबतेही. इंजेक्शन बंद केले की ती परत येते.

पण बैठकीत फक्त ‘पाळी थांबते’ इतके सांगू नका, कारण सुरुवातीला बहुतेकींना नेमका उलटा अनुभव येतो. पहिल्या इंजेक्शननंतरच्या तीन ते सहा महिन्यांत थोडेथोडे डाग लागणे, मधेच अंगावरून जाणे, तारीख न जुळणे असे होते. हे जिने आधी ऐकलेले नसते, ती घाबरून दुसऱ्या इंजेक्शनला येतच नाही, आणि तीन महिने उलटून गेल्यावर तिला दिवस जातात तेव्हा बदनामी इंजेक्शनची होते. किती रक्त जाणे ठीक आणि किती नाही, याला एक सोपे माप आहे: नेहमीच्या पाळीपेक्षा दुप्पट जात असेल किंवा सलग आठ दिवसांहून अधिक जात असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. त्याच्या आतले डाग घाबरण्याचे कारण नाहीत.

इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते आणि पाजणाऱ्या आईला ते बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येते. पहिल्या वेळी डॉक्टर तपासून देतात, कारण खूप वाढलेला रक्तदाब, यकृताचा आजार, स्तनांचा कर्करोग किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर ते देत नाहीत. टोचलेली जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही, नाहीतर औषध लवकर पसरून जाते. ही गोष्ट घरातल्या मोठ्या बायकांसमोर मुद्दाम सांगा, कारण सूज दिसली की शेकायला त्याच गरम पाणी घेऊन येतात.

तारखेचे गणित बायकांना लिहून दाखवलेले बरे. पहिले इंजेक्शन 10 जूनला घेतले, तर पुढचे 10 सप्टेंबरला. गणपतीसाठी ती त्या दिवसांत माहेरी उज्जैनला किंवा धारला जाणार असेल, तर दोन आठवडे आधी म्हणजे 27 ऑगस्टपासून घेता येते, आणि राहून गेलेच तर चार आठवडे उशिरापर्यंत म्हणजे 8 ऑक्टोबरपर्यंत चालते. त्याहून उशीर झाला, तर आधी दिवस नाहीत ना हे पुन्हा तपासावे लागते. चार आठवड्यांची सवलत आहे म्हणून दर वेळी चार आठवडे उशीर करण्याचा बेत मात्र कोणी करू नये. इंजेक्शनचे कार्ड मिळते, त्यावरची पुढची तारीख पाहून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवणारी माझी एक शेजारीण होती, आणि तिची एकही तारीख चुकली नाही.

एक मर्यादा सांगितल्याशिवाय अंतराविषयी बोलणे अपुरे राहील. इंजेक्शन सोडल्यावर गर्भ राहण्याची क्षमता लगेच परतत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. म्हणजे शेवटचे 10 जानेवारीला घेतले, तर त्या वर्षीचा ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ मनात धरून ठेवावा. आपल्या उदाहरणातल्या सुनेला तीन वर्षांचे अंतर हवे आहे, म्हणून तिला हे अडचणीचे नाही. पण ज्या बाईला वर्षाच्या आत दुसरे मूल हवे असेल, तिने अंतरा निवडू नये, हे तुम्ही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ‘इंजेक्शनने वांझपण येते’ ही अफवा याच विलंबातून उठते, आणि विलंब आधी सांगितला तर अफवेला जागा राहत नाही.

छायाच्या बाबतीत पाळी न येण्याचा अर्थ पुन्हा वेगळा आहे. ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधली आहे आणि तिच्यात संप्रेरक नाही. ती बीजांड सुटणे थांबवत नाही, तर गर्भाशयाचे अस्तर आणि बीजांड यांची वेळ जुळू देत नाही. त्यामुळे काही जणींची पाळी लांबते, पण अंतराप्रमाणे पूर्ण थांबणे अपेक्षित नसते. म्हणून छाया घेणारीची पाळी ठरलेल्या तारखेहून पंधरा दिवसांपेक्षा अधिक लांबली, तर ‘गोळीनेच लांबली असेल’ असे गृहीत न धरता निश्चय किटने तपासावे. तेच अंतरा घेणारीचे इंजेक्शन वेळेवर झाले असेल आणि पाळी दोन महिने आली नसेल, तर बहुधा चिंतेचे काही नसते. दोघी शेजारी बसलेल्या असतात आणि एकमेकींचा अनुभव एकमेकींना लावतात, इथेच गोंधळ होतो.

छाया घेण्याचा क्रमही बायका चुकवतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, आणि त्यानंतर आठवड्यातून एकच. सुरुवात बुधवारी केली तर पहिले तीन महिने बुधवार आणि शनिवार, आणि पुढे कायम बुधवार. पट्टीत आठ गोळ्या असतात, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत एक पट्टी सुमारे महिनाभर आणि नंतर दोन महिने पुरते. एक-दोन दिवस उशीर झाला तर आठवताच गोळी घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोधही वापरावा. सात दिवसांहून अधिक चुकले, तर पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोन गोळ्यांनी, पुन्हा सुरू करावे. चतुर्थी-एकादशीचे उपास ज्यांना नेमके आठवतात, त्यांना बुधवार-शनिवार लक्षात ठेवणे अवघड नाही. तरीही ज्या बाईचा स्वभाव विसराळू आहे, तिला ही गोळी मानवत नाही, असेच मी म्हणेन. अंडाशयात गाठी असणाऱ्या, नुकतीच कावीळ झालेल्या किंवा क्षय वा मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्या बायकांनी छाया घेऊ नये, हे विचारूनच ती दिली जाते.

कॉपर टीमध्ये हा पाळीचा प्रश्न नसतो. पाळी ठरल्याप्रमाणे येते, काहींची सुरुवातीच्या महिन्यांत जास्त जाते आणि पोटात दुखते. तिचे वेळापत्रक मात्र ऐकणाऱ्यांपैकी गरोदर असलेल्या मुलींना आत्ताच ठाऊक असायला हवे. बाळंतपणानंतर ती 48 तासांच्या आत बसवता येते. ती वेळ गेली, तर सहा आठवडे थांबावे लागते. म्हणून निर्णय बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर नव्हे, तर गरोदरपणातल्या तपासणीतच सांगून ठेवायचा असतो. केंद्रात तिचे दोन प्रकार मिळतात, एक पाच वर्षांचा आणि एक दहा वर्षांचा. काढल्यावर गर्भ लगेच राहू शकतो, ही बाब अंतराच्या विलंबासमोर ठेवून सांगितली की ज्यांना लवकर दुसरे मूल हवे आहे, त्या आपोआप तिच्याकडे वळतात. बसवण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर लागतात, म्हणून तुमच्या जवळच्या केंद्रात त्या कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारून ठेवा. बाई तिथे पोहोचली आणि परत आली, तर ती दुसऱ्यांदा येत नाही.

सासवांसमोर कसे बोलायचे, ही तुमची अडचण तुम्हाला वाटते त्यापेक्षा छोटी आहे. सासूला सुनेच्या साधनाबद्दल बोलायचे नसते, पण बाळाच्या दुधाबद्दल तिला सांगण्यासारखे बरेच असते. सुरुवात दुधापासूनच करा. ‘तुमच्या काळी बाळ किती महिने फक्त अंगावर होते?’ असे एखादीला विचारा आणि तिला बोलू द्या. गुटी केव्हापासून दिली, बाटली केव्हा आली, दुसरे मूल किती अंतराने झाले, हे ती स्वतःच सांगेल, आणि तुमचे तीन अटींचे सारे बोलणे तिच्याच अनुभवावर उभे राहील. कोणत्याही सुनेला मात्र सर्वांसमोर ‘तुझी पाळी आली का’ असे विचारू नका. बैठक संपल्यावर दहा मिनिटे तुम्ही बाजूच्या खोलीत किंवा पायऱ्यांवर थांबणार आहात, एवढेच जाहीर करा. खरे प्रश्न तिथेच येतात.

साधने टेबलावर मांडून ठेवायची की नाही, हेही तुम्ही ठरवा. मी मांडत नसे, कारण पाकिटे दिसली की पहिली पाच मिनिटे हसण्यात जातात. बोलणे झाल्यावर एकेक साधन हातात देऊन दाखवत असे, आणि तेव्हा हसणारे कोणी उरलेले नसे.

ज्या बाईने बहिणीचे सांगितले, तिला बैठकीआधी एकदा घरी जाऊन भेटा आणि तिचे म्हणणे बरोबर होते, चूक तुमच्या वाक्यात होती, असे सरळ सांगा. ती पुढच्या बैठकीत तुमच्या शेजारी बसली, तर बीज आधी आणि पाळी नंतर, ही गोष्ट तिच्या तोंडून ऐकू द्या.